फ्रेंच प्रेसमधला दुसरा कप कडू का लागतो

फ्रेंच प्रेसचा दट्ट्या खाली गेला की कॉफी तयार झाली, आता ती सवडीने कधीही ओतून घेता येईल, असा बहुतेक घरांत समज असतो. पहिला कप छान लागतो. अर्ध्या तासाने त्याच भांड्यातून दुसरा कप ओतला, की तो कडू, तुरट आणि घशाशी रेंगाळणारा लागतो. मग दोष पावडरीला जातो, दुकानदाराला जातो, नाहीतर साखर एक चमचा वाढते. पण ती पावडर पहिल्या कपातही तीच होती. बिघडलं ते मधल्या अर्ध्या तासात.

दट्ट्या दाबल्यावर नेमकं काय होतं ते आधी पाहू. दांडीच्या टोकाला असलेली बारीक स्टीलची जाळी चोथा तळाशी ढकलते आणि तिथे अडवून धरते. चोथा वर येत नाही, कपात पडत नाही, इतकंच तिचं काम. तो पाण्याबाहेर मात्र जात नाही. आपल्याकडच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन थेंब थेंब खालच्या डब्यात उतरतं आणि चोथा वरच राहतो, म्हणजे दोघांची फारकत होते. चहा आपण गाळून घेतो, तिथेही पत्ती आणि चहा वेगळे होतात. प्रेसमध्ये फारकत होतच नाही. कॉफी जोवर काचेच्या भांड्यात आहे तोवर ती चोथ्याच्या अंगावरच उभी आहे, आणि गरम आहे तोवर त्यातून काही ना काही उतरत राहणार. म्हणून मुरण्याची वेळ मोजायची ती पाणी ओतल्यापासून कॉफी भांड्याबाहेर पडेपर्यंत. दट्ट्याची वेळ हा त्या हिशेबातला मधला टप्पा आहे.

काय कधी उतरतं

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा तंतूंचा असतो, तो चोथा म्हणून उरतो. पण विरघळणारं सगळंच आपल्याला हवं असतं असं नाही. १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मांडलेला हिशेब आजही वापरला जातो: पावडरीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला तर बहुतेकांना कॉफी जमून आल्यासारखी वाटते. त्याहून कमी उतरला तर ती आंबट, पोकळ, कधी किंचित खारट लागते. फार जास्त उतरला तर कडू आणि तुरट.

उतरण्याला एक क्रम असतो. फळांसारखी आंबट चव देणारी लहान आम्लं आणि क्षार पाण्याचा स्पर्श होताच सुटतात. कॅफीनही लवकर येतं. त्यामागोमाग गोडसर आणि खमंग भाजल्या चवीचे पदार्थ येतात, आणि जड, मोठ्या रेणूंचे कडू-तुरट पदार्थ सावकाश, शेवटपर्यंत येत राहतात. आधी एक संपलं आणि मग दुसरं सुरू झालं असं होत नाही, सगळे एकदमच निघतात. फक्त कोणी भरभर निघतं, कोणी रेंगाळत. चार मिनिटांच्या कॉफीतही कडूपणा असतो, आणि तो असायलाच हवा. पण त्याच्याभोवती आंबट-गोड चवींची साथ असते. पुढे वाढतो तो फक्त रेंगाळणाऱ्यांचा वाटा.

कडूपणा म्हणजे कॅफीन, हा समजही इथेच सोडून द्यायला हवा. कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा लहान आहे, आणि डिकॅफ कॉफीही कडूच लागते. जर्मनीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की कडूपणाचा मोठा भाग कच्च्या बियांत मुळातच असलेल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून भाजताना तयार होतो. मध्यम भाजणीत त्या आम्लांचे लॅक्टोन बनतात आणि त्यांचा कडूपणा सौम्य असतो. भाजणी गडद होत गेली की त्याच लॅक्टोनांपासून फेनिलिंडेन नावाचे पदार्थ होतात. जिभेवर बसून राहणारा, उग्र कडूपणा त्यांचा. म्हणून काळपट, तेल सुटलेल्या बियांची कॉफी प्रेसमध्ये जास्त जपून करावी लागते.

एका प्रेसचा हिशेब

माझ्या बहिणीच्या दादरच्या घरात ३५० मिलीचा काचेचा प्रेस आहे. बाजारात याला तीन कपांचा म्हणतात, पण ते कप लहान. घरगुती मगाच्या हिशेबाने तो दोघांचा आहे. ताई सकाळी सातला कॉफी करते, पहिला कप लगेच घेते आणि उरलेली भावोजींसाठी प्रेसमध्येच ठेवते. ते शिवाजी पार्कची चक्कर मारून साडेसातला येतात. त्यांची तक्रार ठरलेली: "तू पितेस ती वेगळी असते का गं?" वेगळीच असते, आणि का ते आकड्यांत बघता येतं.

तिचं माप २० ग्रॅम पावडर आणि ३२० मिली पाणी. म्हणजे एकास सोळा, आणि हे माप चांगलं आहे. चार-साडेचार मिनिटांत पावडरीचा साधारण २० टक्के भाग उतरला असं धरू, म्हणजे ४ ग्रॅम. हे ४ ग्रॅम ३२० मिली पाण्यात पसरले आहेत. आता चोथा स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे ४० मिली पाणी त्याच्यातच अडकलं. ओतून घेता येण्यासारखी कॉफी उरली २८० मिली. ताईने त्यातली निम्मी, १४० मिली, ओतून घेतली. भांड्यात राहिली मोकळी १४० आणि चोथ्यातली ४०, मिळून १८० मिली. चोथा मात्र पूर्वी होता तेवढाच आहे, वीसच्या वीस ग्रॅमचा.

भावोजींचा कप इथेच अडतो. पुढच्या अर्ध्या तासात चोथ्यातून जे काही उतरेल ते आता ३२० मिलीत पसरणार नाही, १८० मिलीत उतरेल. तेवढाच कडूपणा जवळजवळ पावणेदोन पट दाट होऊन कपात येतो. सकाळी सातला संपूर्ण भांडं अर्धा तास तसंच राहिलं असतं तर इतका फरक पडला नसता. पहिला कप काढून घेतल्यामुळे दुसऱ्याची अवस्था आणखी वाईट झाली.

याच्या जोडीला दळणातली धूळ असते. कॉफी कशीही दळा, जाडसर कणांबरोबर थोडी अगदी बारीक भुकटी होतेच. ती जाळीच्या छिद्रांतून आणि कडेच्या फटीतून वर निसटते आणि कॉफीत तरंगत राहते. जाड कणाच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. भुकटीचा कण मात्र मिनिटाभरात आतपर्यंत भिजतो, आणि आंबट-गोड जे होतं ते देऊन मोकळा होतो. त्यानंतर त्याच्याकडे देण्यासारखं उरतं ते कडू आणि तुरट. दट्ट्याने चोथा कितीही नीट दाबला तरी ही भुकटी जाळीच्या वरच्या बाजूला, म्हणजे आपल्या कॉफीतच असते. हळूहळू ती खाली बसते, आणि खालची कॉफी कोणाच्या वाट्याला येते तर उशिरा आलेल्याच्या.

दाबलेल्या चोथ्याचा थर घट्ट असला तर वरच्या कॉफीशी त्याची देवाणघेवाण मंदावते, हेही खरं. पण भांडं ओतायला तिरकं केलं की कॉफी त्या थरातून वाहते आणि त्यात अडकलेला दाट अर्क घेऊन येते. शेवटच्या दोन घोटांत जो चिखलासारखा गाळ आणि झणझणीत कडवटपणा लागतो तो इथला. तो कपात यायलाच नको. तळाची कॉफी वाया जाते म्हणून हळहळून भांडं पूर्ण उलटं करणारे लोक ३० मिलीसाठी सगळा कप खराब करतात.

आणि एक गोष्ट चोथ्याशिवायही होत असते. गरम ठेवलेल्या कॉफीत रासायनिक बदल चालूच असतात. लॅक्टोन पाण्याशी संयोग होऊन फुटतात आणि त्यांची पुन्हा आम्लं होतात, त्यामुळे कॉफीची आम्लता वाढते. त्याच वेळी वास देणारे हलके पदार्थ उडून जातात. ताज्या कॉफीत आपण ज्याला गोडवा म्हणतो त्यातलं बरंचसं या वासाचं देणं असतं. तो गेला की कडूपणा वाढला नसला तरी वाढल्यासारखा वाटतो. कार्यालयांत गरम तव्यावर तासभर ठेवलेल्या कॉफीची जी आंबूस-करपट चव असते ती यातूनच येते, आणि तिथे तर चोथा केव्हाच काढून टाकलेला असतो. म्हणजे दुसऱ्या कपाला दोन्ही बाजूंनी मार बसतो: चोथ्याकडून आणि उष्णतेत गेलेल्या वेळाकडून.

मग चार मिनिटंच का, आणि नऊ मिनिटं का चालतात

फ्रेंच प्रेसच्या डब्यावर चार मिनिटं लिहिलेलं असतं. दुसरीकडे, २००७ सालचा जागतिक बरिस्ता विजेता जेम्स हॉफमन यांची एक पद्धत खूप गाजली आहे. त्यात चार मिनिटांनी वरचा थर मोडून फेस काढून टाकायचा आणि मग आणखी पाच मिनिटं किंवा जास्त थांबायचं. एकूण नऊ-दहा मिनिटं. ती कॉफी कडू होत नाही, उलट स्वच्छ आणि गोड लागते. मग वेळ वाढली की कडूपणा वाढतो हे खोटं का?

खोटं नाही, पण सरळ रेषेत खरंही नाही. प्रेसमध्ये ठरावीक पाणी ठरावीक पावडरीबरोबर एकाच भांड्यात असतं. सुरुवातीला पाणी कोरं असतं, म्हणून अर्क झपाट्याने उतरतो. पाणी जसजसं भरत जातं तसतसा वेग पडतो, शिवाय ते निवतही असतं. पहिल्या मिनिटात जेवढं घडतं तेवढं पाचव्या ते दहाव्या मिनिटात घडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ साली याच बुडवून मुरवण्याच्या पद्धतीचा अभ्यास करून दाखवलं की पुरेसा वेळ दिला की अर्क उतरणं एका पातळीशी जाऊन स्थिरावतं. पावडर पाण्याच्या वाहत्या धारेने धुतली, जसं ओतून गाळायच्या कॉफीत होतं, तर प्रत्येक वेळी कोरं पाणी लागतं. इथे ते नाही.

म्हणून जाडसर दळण, मध्यम भाजणी, न ढवळता ठेवलेलं आणि न उपसलेलं भांडं असेल तर चार आणि आठ मिनिटांत जीव जाईल एवढा फरक पडत नाही. हॉफमन यांच्या पद्धतीतली जादा मिनिटं मुख्यतः भुकटी तळाला बसावी म्हणून आहेत. शिवाय त्यात दट्ट्या तळापर्यंत दाबतच नाहीत. जाळी कॉफीच्या पृष्ठभागाजवळ नुसती टेकवून गाळण्यासारखी वापरतात, त्यामुळे बसलेला गाळ हलत नाही. आणि वेळ भरली की सगळी कॉफी ओतून घेतात. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. नऊ मिनिटं स्वस्थ मुरलेली आणि मग भांड्याबाहेर काढलेली कॉफी एक. चार मिनिटांनी दाबून, ढवळून, निम्मी उपसून चोथ्यावर अर्धा तास ठेवलेली कॉफी दुसरी. घड्याळ दोन्हीकडे आहे, पण मधल्या घडामोडी वेगळ्या आहेत.

रोजच्या सकाळी मी चार मिनिटांचीच पद्धत सुचवेन, कारण लोकल पकडायची असते. सुट्टीच्या दिवशी नऊ मिनिटांची करून पाहावी.

दाबायचं कधी आणि कसं

ताईच्याच मापाने पुढे जाऊ. काचेचं भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्यावं. थंड काच पाण्याची उष्णता सुरुवातीलाच खाऊन टाकते. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे पाणी १०० अंशांना उकळतं. चिकमगळूरच्या मळ्यांत, उंचीमुळे, ते तीन-चार अंश आधीच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की पाणी ९५च्या आसपास येतं आणि मध्यम भाजणीला ते ठीक आहे. गडद भाजणी असेल तर दोन-तीन मिनिटं थांबावं.

पावडर टाकून घड्याळ लावायचं आणि सगळं पाणी एकदम, पावडर पूर्ण भिजेल असं ओतायचं. लगेच वर एक फुगलेला तपकिरी थर येतो. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड गरम पाण्यात सुटतो आणि कणांना वर उचलतो, त्याचा हा थर. तो फुगतच नसेल तर पावडर जुनी झाली आहे. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघडं पाकीट आठवडाभरातच असं मंद पडतं. हवाबंद डब्यात, ओट्यापासून दूर ठेवावं. फ्रिजमधून रोज काढघाल केली तर पाकिटात दव धरतं.

झाकण नुसतं वर ठेवायचं, दट्ट्या वरच ओढलेला. चार मिनिटं झाली की झाकण काढून चमच्याने वरचा थर दोन-तीनदा हलकेच मोडायचा. गॅस निसटतो आणि बहुतेक कण आपोआप खाली बसू लागतात. हे न करता थेट दट्ट्या दाबला तर तरंगणारा सगळा थर जाळीवर येतो, जाळी तुंबते, आणि आपण जोर लावतो. वर उरलेला फेस आणि तरंगते कण दोन चमच्यांनी काढून टाकले तर कपात येणारी भुकटी बरीच कमी होते. मिनिटभराचं काम आहे आणि त्याचा फायदा इतर कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त आहे.

मग दट्ट्या सावकाश खाली न्यायचा, पंधरा-वीस सेकंद घेऊन. हाताला येणारा विरोध हेच इथलं मोजमाप आहे. दट्ट्या लोण्यात सुरी गेल्यासारखा सरकला तर दळण फार जाड आहे आणि कॉफी पातळ लागेल. मध्येच अडला, वर ढकलू लागला, तर दळण फार बारीक आहे. तेव्हा कधीही अंगाचा भार देऊन दाबू नये. दाब वाढला की गरम पाणी कडेने उसळतं, कधी काचच तडकते. बोटभर वर ओढून घ्यावा, थांबावं, आणि पुन्हा हळू न्यावा. खाली चोथ्याचा थर लागला की थांबायचं. तो पिळायचा नाही. पिळल्याने वाढीव कॉफी जेमतेम घोटभर मिळते आणि त्यातून भुकटी मात्र ढिगाने वर येते.

आणि मग लगेच ओतायचं. सगळं. पहिला कप कपात, दुसरा गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये. तळाचा बोटभर गाळ भांड्यातच सोडायचा. ताईने नेमकं हेच सुरू केलं. तिच्याकडे ऑफिसला नेण्याचा स्टीलचा लहान थर्मास होता, तोच वापरला. थर्मासमधली कॉफी चोथ्यापासून सुटली आहे, भुकटी बऱ्यापैकी मागे राहिली आहे, आता तिच्यात फक्त वेळेचे बदल होणार. अर्ध्या-पाऊण तासापर्यंत ती नीट राहते. दोन तासांनी मात्र थर्मासही वाचवू शकत नाही, आम्लता वाढलेली जाणवतेच. थर्मास नसेल तर झाकण असलेलं कुठलंही स्टीलचं भांडं चालेल. थोडी निवलेली कॉफी चोथ्यावर उभ्या गरम कॉफीपेक्षा नेहमी चांगली.

गार झालेली कॉफी गॅसवर पुन्हा तापवू नये, मायक्रोवेव्हमध्येही नको. वास गेलेला परत येत नाही आणि आम्लं होण्याचं काम नव्या उष्णतेने पुन्हा जोर धरतं. उरलीच तर बर्फ घालून थंड पिणं बरं. थंड कॉफीत वासाची अपेक्षा आपण मुळात कमी ठेवतो.

जुन्या चहाच्या कपासारखा भांड्याच्या जाळीतही थर साचतो. दांडीच्या टोकाची चकती फिरवून सुटी करता येते: वरची पट्टी, मधली जाळी, कडेच्या स्प्रिंगची गोल चकती. पाण्याखाली नुसती विसळली तर दोन पदरांमध्ये कॉफीचं तेल राहतं आणि काही दिवसांत खवट होतं. त्या खवटपणालाही लोक कडूच म्हणतात. आठवड्यातून एकदा सुटी करून भांडी घासायच्या साबणाने धुवावी.

दळण आणि माटुंगा

माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानांत गेलं की पहिला प्रश्न येतो तो मिश्रणाचा. आपण काही सांगितलं नाही तर फिल्टरसाठीची बारीक दळलेली, चिकोरी घातलेली पावडर मिळते. स्टीलच्या फिल्टरला आणि दुधाला ती उत्तम आहे. तिचा दाट, कडवट अर्क दुधातून वर यावा म्हणूनच ती तशी असते. प्रेसमध्ये तीच पावडर टाकली तर बारीक कण जाळीतून निसटतात, दट्ट्या अडतो आणि चार मिनिटांतच अति अर्क उतरतो. शिवाय भाजलेली चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते आणि स्वतःचा कडवटपणा आणते. तो कडूपणा वेळ कमी करून जात नाही. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचून घ्यावं.

काउंटरवर तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: चिकोरी नको, भाजणी मध्यम, आणि दळण जाड. किती जाड, असं विचारलं तर लापशीच्या रव्याएवढं सांगितलं की नीट कळतं. बोटांत चोळल्यावर कण वेगळे जाणवले पाहिजेत, पिठासारखा माखला नाही पाहिजे. मिश्रणात रोबस्टा जातीच्या बिया आहेत का, तेही विचारावं. रोबस्टात कॅफीन अरेबिका जातीच्या साधारण दुप्पट असतं आणि क्लोरोजेनिक आम्लंही जास्त, त्यामुळे भाजल्यावर कडूपणाची पायाभरणीच मोठी असते.

घरी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळणार असाल तर एकसारखं दळण येणार नाही हे गृहीत धरावं. पातं बिया तोडतं, त्यामुळे एकीकडे अर्धे दाणे, दुसरीकडे धूळ. दोन-दोन सेकंदांचे छोटे झटके देऊन, मध्ये भांडं हलवून दळावं आणि मग मैद्याच्या चाळणीतून चाळून खाली पडलेली धूळ बाजूला काढावी. थोडं वजन वाया जातं, पण कप ओळखू येणार नाही इतका सुधारतो. ही धूळ फिल्टर कॉफीत टाकता येते.

वेळ बदलायची ती या गोष्टी जागेवर आल्यावर. कॉफी आंबट आणि पातळ लागली तर आधी मिनिटभर वाढवावं. तरी तशीच लागली तर दळण एक पायरी बारीक करावं. कडू लागली तर आधी पाण्याची उष्णता थोडी कमी करावी, मग दळण जाड करावं, आणि त्यानंतर वेळ. तुरटपणा, म्हणजे घोट गिळल्यावर जीभ आणि गालांची आतली बाजू कोरडी पडणं, हा बहुतेक वेळा भुकटीचा असतो. तिथे वेळ कमी करण्यापेक्षा चाळणी आणि वरचा फेस काढणं जास्त उपयोगी पडतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

कोण दोषी, हे ठरवायची चाचणी

आपल्या घरच्या कडूपणाचं कारण पावडर आहे की भांड्यात ठेवणं, हे एका सकाळी कळू शकतं. नेहमीसारखी दोन कपांची कॉफी करा. दट्ट्या दाबल्यावर एक कप लगेच झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ओता, दुसरा प्रेसमध्येच राहू द्या. वीस मिनिटांनी प्रेसमधली दुसऱ्या कपात ओता. दोन्ही तेवढ्याच निवल्या की, साखर-दूध न घालता, एकीनंतर एक चाखा. मध्ये पाण्याचा घोट घ्या. कपांच्या तळाशी खूण करून घरातल्या दुसऱ्या कोणाला अदलाबदल करायला सांगितलं तर आणखी चांगलं, कारण कुठला कप कुठला हे माहीत असलं की जीभ ऐकत नाही.

प्रेसमधली कॉफी कडू आणि आधी ओतलेली ठीक लागली, तर पावडर बदलायची गरज नाही. थर्मास हाच उपाय. दोन्ही सारख्याच कडू लागल्या, तर दोष आधीच पडला होता: दळण बारीक, भाजणी गडद, चिकोरी किंवा अस्वच्छ जाळी. दोन्ही सारख्याच आंबट लागल्या, तर पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा वेळ कमी पडली. भावोजींच्या बाबतीत पहिलं निघालं. दोन कपांतला फरक त्यांनी डोळे मिटून ओळखला, आणि पूर्वी जी पावडर बदलायला ते ताईला सांगत होते तिचंच पुढचं पाकीट माटुंग्याहून तेच घेऊन आले.